जॉमेट्रिकचा मीन आणि व्हेरिअन्स: एकेक टर्म डिफरन्शिएट करायची मुभा आली कुठून

पहिला सहा पडेपर्यंत फासा टाकायचा आणि एकूण किती वेळा टाकला ते मोजायचं, हा आपला N, p = 1/6, q = 5/6. (काही पुस्तकं फक्त वाया गेलेले चान्स मोजतात, तिथे मीन १ ने कमी येतो, व्हेरिअन्स तोच.) मीनसाठी 1 + 2q + 3q² + … ही बेरीज लागते आणि ती 1/(1−q) ची सिरीज डिफरन्शिएट करून मिळते: 1/(1−q)², म्हणजे ३६, गुणिले p, मीन ६.

p = 1/2 ची केस तर १४व्या शतकातच युरोपात सुटली होती. 1/2 + 2/4 + 3/8 + … मधली प्रत्येक टर्म फोडून मांडली की आधी 1, मग 1/2, मग 1/4 अशा बेरजा पडतात आणि उत्तर येतं २. डेरिव्हेटिव्ह नाहीच, मला ही रीत अजूनही सगळ्यात सुंदर वाटते.

कॅल्क्युलस आल्यावर मात्र १८व्या शतकात लोक अनंत बेरीजसुद्धा साध्या पॉलिनॉमिअलसारखी डिफरन्शिएट करायला लागले, आणि १८२६ मध्ये एका तरुण नॉर्वेजियन गणितज्ञाने याच सवयीवर बोट ठेवलं. त्याचं उदाहरण असं: −π ते π मध्ये sin x − (sin 2x)/2 + (sin 3x)/3 − … = x/2 हे बरोबर आहे, पण दोन्ही बाजू डिफरन्शिएट केल्या की cos x − cos 2x + cos 3x − … = 1/2 येतं, आणि x = 0 टाकलं तर डावीकडे 1 − 1 + 1 − …, जे कुठेच स्थिरावत नाही. माझ्या मते हा आक्षेप वर्गात सांगायलाच हवा, कारण त्याशिवाय आपली स्टेप का चालते तेच कळत नाही.

आपली चालते कारण ती पॉवर सिरीज आहे. q आणि 1 च्या मधला एक r घ्या, n कितीही वाढला तरी n(q/r)^n एका मर्यादेबाहेर जात नाही, म्हणून nq^n ही टर्म r^n च्या ठरावीक पटीखालीच राहते आणि r^n ची बेरीज तर मर्यादित आहे. साइनच्या सिरीजमध्ये असं आवर घालणारं काही नाही, तिथे डिफरन्शिएट करताना आलेला n खालचा n खाऊन टाकतो आणि टर्म लहान व्हायच्याच थांबतात. याच वादातून पुढे १९व्या शतकात युनिफॉर्म कन्व्हर्जन्सची कल्पना पक्की झाली.

व्हेरिअन्ससाठी दुसऱ्यांदा डिफरन्शिएट करायचं: n(n−1)q^(n−2) ची बेरीज 2/(1−q)³ = ४३२. इथेच घोळ होतो, पोरं फक्त p ने गुणतात, पण आपल्याला q^(n−1) हवंय म्हणून आणखी एका q ने गुणायला लागतं. बरोबर केलं तर E[N(N−1)] = ६०, त्यात मीन ६ मिळवला की ६६, वजा ३६, व्हेरिअन्स ३०. तो q विसरला तर ४२ येतो. चूक पकडायची असेल तर p = 1 टाकून बघा: पहिल्याच फटक्यात काम होतं म्हणून व्हेरिअन्स 0 यायला हवा, q विसरलेल्या सूत्रात तो 2 येतो.