यादीतले पहिले हजार शब्द, पण मोजलेत कुठून?

"फक्त हजार शब्द पाठ करा आणि इंग्लिश बोला" असे व्हिडिओ सतत दिसतात. या दाव्यात थोडं तथ्य आहे, कारण कुठल्याही भाषेत मोजकेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. पण ते हजार शब्द मोजले कशातून, हे कोणी सांगतच नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

ब्राउन कॉर्पस हा मजकुराचा संग्रह घ्या. अमेरिकेत 1961 साली छापलेल्या मजकुराचे 500 तुकडे, बातम्या, निबंध, कथा वगैरे, मिळून साधारण दहा लाख शब्द. त्यात 'यू' दर लाखात जेमतेम सव्वातीनशे वेळा येतो. आता 2009 साली ब्रिसबार्ट आणि न्यू या संशोधकांनी सिनेमा-मालिकांच्या सबटायटल्समधून केलेली सबटलेक्स ही मोजणी बघा, पाच कोटींच्या वर शब्द, आणि तिथे तोच 'यू' दर लाखात चार हजारांच्या पुढे, म्हणजे बारापटीहून जास्त! साहजिक आहे, बातमी कोणाला उद्देशून 'तुम्ही' म्हणत नाही, समोरासमोर बोलणारा माणूस सारखा म्हणतो. त्यामुळे गप्पांसाठी शिकायचं असेल तर छापील मजकुरावरची यादी बाजूला ठेवायची.

सबटायटल्सचीही एक खोड आहे, एखाद्या सिनेमात कॅप्टन, कॅप्टन असं शंभरदा ओरडलं की तो शब्द उगाच वर चढतो. म्हणून तो शब्द एकूण किती वेळा आला यापेक्षा किती वेगवेगळ्या सिनेमांत आला ते पाहावं, सबटलेक्समध्ये हा आकडा वेगळा दिलेला असतो.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते फ्रेंच लोकांनी अशा मोजणीत पकडलेलं भोक. 1950 च्या दशकात गुगेनाइम या भाषातज्ज्ञाने आणि सहकाऱ्यांनी फ्रेंच शिकवण्यासाठी लोकांच्या गप्पा टेप करून साधारण तीन लाख शब्द मोजले, तर घरातल्या साध्यासुध्या वस्तूंची नावं यादीत फार खाली गेली किंवा आलीच नाहीत. कारण 'घे', 'दे', 'जा' प्रत्येक विषयात लागतात, काटा-चमचा फक्त जेवणाचा विषय निघाला तरच, आणि तेव्हाही तो समोर दिसत असतो म्हणून माणूस 'ते दे' म्हणून मोकळा होतो. मग त्यांनी शाळकरी मुलांना कपडे, घर, जेवण असे 16 विषय दिले आणि प्रत्येकावर सुचतील ती 20 नावं लिहायला सांगितली. मोजणीत हरवलेले शब्द तिथे लगेच वर आले.

इंग्लिशलाही हेच लागू पडतं. 'गेट', 'नो', 'वॉन्ट', 'थिंक' असे सगळीकडे लागणारे शब्द यादीतून घ्या, अगदी डोळे झाकून. टॉवेल, चावी, खोकला यांच्यासाठी मात्र यादीतला नंबर बघत बसू नका, एकेक विषय धरून सुचतील ती नावं आपल्या भाषेत लिहून काढा आणि त्यांचं इंग्लिश शोधा.