कुकरच्या बुडावरचा नंबर : ऑनलाइन पानावरच्या खुणेची पार्श्वभूमी

वागळे इस्टेटमधल्या एका भांडी विक्रेत्यासाठी मी ऑनलाइन लिस्टिंगची पानं तयार करते. गेल्या वर्षी त्यांनी कुकरचे बारा फोटो पाठवले. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात आयएसआयची खूण होती, पण ती कुकरवर नव्हती, फोटोवर चिकटवलेली होती. मी त्यांना फोन करून म्हटलं, "काका, मला खुणेखालचा लायसन्स नंबर हवाय." ते म्हणाले, "अगं, खूण दिसतेय ना? सगळेच अशीच टाकतात."

खरंच सगळे अशीच टाकतात. ही सवय कुठून आली आणि ती का चालत नाही, हे कळायला ती खूण मुळात काय होती ते बघावं लागतं.

इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन ही संस्था जानेवारी 1947 मध्ये, स्वातंत्र्याच्या काही महिने आधी स्थापन झाली. 1952 च्या कायद्याने तिला मालावर खूण देण्याचा अधिकार मिळाला आणि 1955-56 मध्ये ती योजना प्रत्यक्ष सुरू झाली. 1987 मध्ये संस्थेची जागा भारतीय मानक ब्यूरोने, म्हणजे बीआयएसने घेतली. खुणेचं नाव मात्र लोकांच्या तोंडी आयएसआयच राहिलं. आजही जांभळी नाक्याच्या दुकानात कोणी "बीआयएसचा कुकर द्या" म्हणत नाही.

या खुणेचे तीन भाग असतात. मधे आयएसआयची आकृती, तिच्यावर त्या वस्तूच्या मानकाचा क्रमांक, आणि खाली `CM/L-` ने सुरू होणारा लायसन्स नंबर. प्रेशर कुकरसाठी वर `IS 2347` हवं. आकृती कोणीही काढू शकतो, खरं वजन आहे ते खालच्या नंबराला. हे लायसन्स एखाद्या ब्रँडला सरसकट मिळत नाही. ते एका पत्त्यावरच्या एका कारखान्याला, एका मानकासाठी मिळतं, आणि कोणकोणते प्रकार त्यात येतात तेही नोंदलेलं असतं : कोणता धातू, किती लिटर. त्याला मुदत असते, ती वाढवून घ्यावी लागते. बीआयएसचे लोक कारखान्यात येऊन तपासणी करतात, बाजारातूनही नमुने उचलतात. नमुना नापास झाला तर लायसन्स थांबवता किंवा रद्द करता येतं. म्हणजे त्या नंबरामागे एक कारखाना काहीतरी गमावण्याच्या तयारीने उभा असतो. माझ्या मते पुरावा म्हणावा तो याला.

दुकानात हे सगळं न बोलता व्हायचं. आईबरोबर कुकर घ्यायला गेले होते ते आठवतं. तिने झाकण लावून काढून पाहिलं, रबर दाबून पाहिलं, मग कुकर उलटा करून बुडावरची अक्षरं उजेडाकडे धरली. नंबर कुठे पडताळायचा हे तिला माहीत नव्हतं. पण धातूत उठवलेली अक्षरं आणि दुकानदाराचा ओळखीचा चेहरा, एवढं तिला पुरत होतं. काही बिघडलं तर तेच दुकान, तोच माणूस.

ऑनलाइन पानावर कुकर उलटा करता येत नाही. तिथे धातूतल्या ठशाचं चित्र झालं, आणि चित्र डकवायला काहीच खर्च येत नाही. हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत 1997 पासून ट्रस्टई ही संस्था वेबसाइटना खासगी माहितीच्या सुरक्षेचा शिक्का देत होती, आणि दर वर्षी पुन्हा तपासणी करतो असं सांगत होती. 2014 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने दाखवून दिलं की 2006 ते 2013 या काळात एक हजाराहून अधिक वेळा ही वार्षिक तपासणी झालीच नव्हती. शिक्का मात्र पानांवर तसाच झळकत होता. बघणाऱ्याला दोन्ही शिक्के सारखेच दिसतात, तपासलेलाही आणि न तपासलेलाही.

कुकरच्या बाबतीत आपल्याकडे निर्णायक वळण आलं ते 2020-22 मध्ये. तोवर घरगुती कुकरला आयएसआय खूण घेणं ऐच्छिक होतं. केंद्र सरकारने 2020 मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि 1 फेब्रुवारी 2021 पासून तो लागू झाला. कारण साधं आहे. शिट्टी होण्याच्या बेतात असताना कुकरच्या आत साधारण एका वातावरणाइतका जादा दाब असतो आणि पाणी 120 अंशांच्या आसपास असतं. शिट्टीची नळी डाळीच्या फेसाने तुंबली तर सगळा भार सेफ्टी व्हॉल्व्हवर येतो. तो वेळेवर वितळला नाही, तर झाकणाला धरून ठेवणाऱ्या कडेची ताकद तेवढी उरते.

आदेश निघाला, तरी जुना आणि बिनखुणेचा माल ऑनलाइन विकला जातच राहिला. डिसेंबर 2021 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हेल्मेट, कुकर आणि गॅस सिलिंडरबाबत जाहीर इशारा दिला. 2022 मध्ये एकेका मंचाविरुद्ध आदेश आले. अ‍ॅमेझॉनवरून असे 2,265 कुकर विकले गेले होते, फ्लिपकार्टवरून 598. ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या, आणि प्रत्येकी एक लाख रुपये दंड भरा, असा तो आदेश होता. अ‍ॅमेझॉनने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. तिथे ग्राहकांना कळवायला आणि दंडाची रक्कम जमा करायला सांगितलं गेलं.

त्या आदेशातला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. या कुकरच्या विक्रीतून अ‍ॅमेझॉनला सहा लाखांहून अधिक शुल्क मिळालं होतं. प्राधिकरणाचं म्हणणं असं होतं की प्रत्येक विक्रीवर कमाई करणारा, मालात खोट निघाल्यावर "मी फक्त मधला" असं म्हणून अंग काढून घेऊ शकत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला हे कधी सांगावं लागलं नव्हतं. गिऱ्हाईक त्याच्याच दारात उभं राहायचं.

खुणेनंतर माणूस बघतो ते तारे. ग्राहकांचे शेरे अ‍ॅमेझॉनवर 1995 पासून आहेत. त्यांचं बळ असं की हा शेरा मारणाऱ्याला माल विकला जाण्यात काही मिळायचं नसतं. बनावट रिव्ह्यू विकत घेतले की तेच बळ जातं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहायला बंदी आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये बीआयएसने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी `IS 19000:2022` हे मानकही आणलं. लिहिणाऱ्याची ओळख कशी पडताळायची, रिव्ह्यू कसे हाताळायचे आणि प्रसिद्ध करायचे, हे त्यात आहे. ते आलं तेव्हा ऐच्छिक होतं.

पण कुकरच्या पानावर मला सगळ्यात जास्त दिसणारा दोष बनावट रिव्ह्यूंचा नाही. तो खऱ्या रिव्ह्यूंचा आहे, जे भलत्याच वस्तूचे असतात. एकाच पानावर वेगवेगळे आकार आणि रंग दाखवायची सोय असते. विक्रेता जुन्या, चांगल्या चाललेल्या पानावर नवीनच वस्तू "प्रकार" म्हणून जोडतो आणि तारे एकत्र होतात. समजा, जुन्या तीन लिटरच्या अ‍ॅल्युमिनियम कुकरला 180 लोकांनी सरासरी 4.4 दिले आहेत, आणि नव्या पाच लिटरच्या स्टील कुकरला फक्त 10 लोकांनी सरासरी 2.9. एकत्र केल्यावर पानावर 4.3 दिसतं. स्टीलचा कुकर घेणाऱ्याला आधीच्या दहा जणांची तक्रार दिसतच नाही. यातला एकही रिव्ह्यू खोटा नाही, आणि तरी पान खोटं बोलतं. अमेरिकेत 2023 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने याच प्रकारासाठी एका पूरक आहार कंपनीवर कारवाई करून सहा लाख डॉलर वसूल केले.

हे ओळखता येतं. रिव्ह्यू तारखेनुसार लावायचे आणि नवे आधी वाचायचे. प्रत्येक रिव्ह्यूखाली आकार किंवा प्रकार लिहिलेला असेल तर तो बघायचा. ग्राहकांनी टाकलेल्या फोटोतलं झाकण आपल्याला हव्या असलेल्या कुकरचंच आहे का, ते पाहायचं. बाहेरून बसणारं झाकण आणि आतून बसणारं झाकण फोटोत लगेच वेगळं कळतं.

तिसरी गोष्ट हमी. "5 वर्षांची गॅरंटी" हे पानावर लिहिणंही फुकटच, म्हणून कायदा इथे थोडा कडक आहे. योग्य चाचणी न करता वस्तूच्या टिकाऊपणाची हमी देणं ही ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि चाचणी केली होती हे सिद्ध करायची जबाबदारी हमी देणाऱ्यावर आहे. 2019 च्या कायद्याने आणखी एक बदल केला, जो ऑनलाइन खरेदीत मोलाचा ठरतो : ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीत असला तरी कळव्यातल्या ग्राहकाला ठाण्यातच दाद मागता येते. त्यामुळे हमीच्या ओळीशेजारी हमी देणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पत्ता नसेल, तर तक्रार कोणावर करायची हाच प्रश्न उरतो.

आता काकांच्या बारा फोटोंकडे येते. दोन दिवसांनी त्यांनी कुकरच्या बुडाचे फोटो पाठवले. बाराही कुकरवर एकच नंबर होता. तो मी बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपमध्ये टाकला. कारखान्याचं नाव जुळलं, मानक `IS 2347` होतं, मुदत चालू होती. मला हायसं वाटलं. मग प्रकारांची नोंद वाचली, तर तिथे फक्त अ‍ॅल्युमिनियम होतं. काकांच्या बारांपैकी तीन कुकर स्टीलचे, इंडक्शन बुडाचे. नंबर खरा होता, पण त्या तीन कुकरांसाठी नव्हता.

काकांना हे माहीतच नव्हतं. ते कारखान्याकडून तयार माल घेतात, ठसा तिकडूनच येतो. पण पानावर विक्रेता म्हणून नाव त्यांचं. मी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तिन्ही पानं आत्ता बंद कर. आणि विकले गेलेत त्यांची यादी दे." स्टीलचे एकोणीस कुकर गेले होते. त्यांनी मंचामार्फत एकोणीसही ग्राहकांना परतीचा निरोप पाठवला आणि कारखान्याला लेखी विचारणा केली.

उरलेल्या नऊ पानांवरून कोपऱ्यातली चिकटवलेली खूण मी काढली. तिच्या जागी आता दुसरा फोटो बुडाचा आहे, अगदी जवळून घेतलेला. मोबाइलवर बोटांनी मोठा केला की `CM/L-` च्या पुढचे आकडे एकेक करून वाचता येतात.