पहिल्या बळीची रीत आणि सलामी भागीदारी (भावनिश्चिती)

क्रिकेटच्या सट्टेबाजारात पहिला फलंदाज कसा बाद होईल आणि सलामीची जोडी ठराविक धावसंख्या ओलांडेल का, या दोन्हींचे भाव लावतात. या धावसंख्येला ‘लाइन’ म्हणतात. बरोबरी होऊ नये म्हणून ती २०.५, २१.५ अशी अर्ध्यावर ठेवतात. दोन्ही भावांचे मूळ एकच आहे : सलामीवीर नव्या चेंडूवर दर चेंडूला बाद होण्याची शक्यता. म्हणून फलंदाजाची एकूण कारकिर्दीतली सरासरी इथे फारशी कामाची नाही; नव्या चेंडूवर, त्या धाटणीच्या गोलंदाजांपुढे तो किती चेंडू टिकतो हे पाहावे लागते.

समजा, एक सलामीवीर ४० चेंडूंमागे एकदा बाद होतो आणि दुसरा ३० चेंडूंमागे. दोघांनी निम्मे-निम्मे चेंडू खेळले असे धरल्यास दर चेंडूला बळी पडण्याची शक्यता २.९ टक्के येते, म्हणजे जोडी सरासरी ३४ चेंडू टिकते. अवांतर धरून चेंडूमागे ०.९ धावा निघाल्या तर भागीदारीची सरासरी ३१. नवशिका इथेच ३०.५ ची लाइन लावून फसतो. ही सरासरी मोजक्या मोठ्या भागीदाऱ्यांनी फुगवलेली असते. निम्म्या भागीदाऱ्या २१ च्या आसपासच आटोपतात आणि ३०.५ ओलांडण्याची शक्यता जेमतेम ३७ टक्के उरते. शिवाय जम बसण्याआधीचे चेंडू अधिक धोक्याचे असल्याने योग्य लाइन प्रत्यक्षात आणखी थोडी खाली सरकते.

पहिल्या बळीच्या रीतीसाठी हेच आकडे पुढे न्यायचे. पहिला बळी दुसऱ्या सलामीवीराचा असण्याची शक्यता ५७ टक्के, पहिल्याचा ४३. दोघांच्या झेलबाद, त्रिफळाचीत, पायचीत होण्याच्या प्रमाणांना हे वजन देऊन बेरीज करायची, मग समोरच्या गोलंदाजांच्या कलाने ती दुरुस्त करायची. आत येणारा चेंडू टाकणाऱ्यापुढे त्रिफळाचीत आणि पायचीतचा वाटा वाढतो. धावबाद मात्र गोलंदाजाच्या खात्यात जमा होत नाही, त्यामुळे त्याच्या नोंदींत तो सापडत नाही. तो जोडीच्या धावण्यावरून वेगळा धरायचा.

सर्वांत मोठी अडचण नोंदी तुटपुंज्या असण्याची. एखादा १५ वेळा बाद झाला आणि त्यातले ६ त्रिफळाचीत, तर ४० टक्के हा आकडा जसाच्या तसा घेणे धोक्याचे. सर्वसाधारण प्रमाण १८ टक्के मानून त्या प्रमाणातले ६० काल्पनिक बळी त्यात मिसळले की आकडा २२ टक्क्यांवर येतो. हे ६० कुठल्या नियमाने ठरत नाहीत. जुन्या सामन्यांवर भाव पडताळून ते कमी-जास्त करतात.

हिशोब चुकतो तो दुखापतीने निवृत्त झालेल्या फलंदाजामुळेही. क्रिकेटच्या नियमांत तो नाबाद असतो आणि पहिला बळी अजून पडलेला नसतो. तिसरा फलंदाज आल्यावर काढलेल्या धावा त्याच लाइनमध्ये मोजायच्या की नाही, हे भाव उघडण्याआधी लिहून ठेवावे लागते.