नाशिक मनपाचं बजेट, तीन वेगवेगळे आकडे आणि ठरावात न लिहिलेलं कारण : पार्श्वभूमी

फेब्रुवारी-मार्च आला की नाशिकमध्ये एकाच वर्षाच्या बजेटचे तीन आकडे वाचायला मिळायचे. आयुक्तांनी मांडलेला एक, स्थायी समितीने वाढवलेला दुसरा आणि महासभेने अजून वाढवलेला तिसरा. लोक विचारतात यातला खरा कुठला. तिन्ही खरेच, कारण कायद्यातच टप्पे तसे आहेत. गडबड आकड्यांत कमी असते, एका आकड्यावरून दुसऱ्यावर उडी कशाच्या जोरावर मारली हे ठरावात लिहिलंय का, यात जास्त असते.

नाशिकला नगरपालिका आली 1864 साली. महापालिका मात्र 1982 ची, नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या पालिका आणि आजूबाजूची गावं एकत्र करून झालेली. गंमत म्हणजे पहिली निवडणूक झाली 1992 ला, म्हणजे पहिली दहा वर्षं प्रशासकच होता आणि सभागृहात वाद होऊन लेखाशीर्ष, म्हणजे बजेटमधली जमा-खर्चाची एकेक ओळ, बदलणं वगैरे प्रकार त्यानंतरचा. कायदा मात्र आधीचाच, 1949 चा, ज्याला आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात आणि जो बराचसा मुंबईच्या 1888 च्या कायद्याच्या वळणावर गेलेला आहे. त्यात सरळ रस्ता आहे : आयुक्त अंदाज तयार करून स्थायीपुढे ठेवणार, स्थायी त्यात फेरबदल करून महासभेकडे पाठवणार, शेवटची मंजुरी महासभेची. शिवाय पुढच्या वर्षाचे कराचे दर 20 फेब्रुवारीच्या आत ठरवायचे. ही तारीख लक्षात ठेवा, खाली तिचंच काम आहे.

आता बैठकीत काय होतं ते बघा. सदस्य उपसूचना, म्हणजे मांडलेल्या बजेटमध्ये बदलाची सूचना देतात, त्याला सूचक आणि अनुमोदक लागतो, सभापती किंवा महापौर ती स्वीकारतात आणि नगरसचिव विभाग इतिवृत्तात लिहून घेतो. खर्चाच्या बाजूला वाढ मागणारे भरपूर, पण खर्च वाढवला की जमा बाजूला तेवढेच पैसे दाखवावे लागतात, नाहीतर शिल्लक उणे होईल. मग जमेची कुठलीतरी दोन-तीन शीर्षं फुगवली जातात, बहुतेकदा घरपट्टी आणि नगररचनाचं विकास शुल्क, आणि ठरावात वाक्य येतं "सभागृहात झालेल्या चर्चेनुसार दुरुस्तीसह मंजूर". झालं, कारण संपलं.

उदाहरण घेऊ, आकडे माझ्या मनाचे आहेत, फक्त समजण्यापुरते. समजा आयुक्तांच्या अंदाजात सुरुवातीची शिल्लक 40 कोटी, वर्षाचं उत्पन्न 960, खर्च 990, अखेरची शिल्लक 10. स्थायीने रस्ते 150 चे 190 केले, उद्यानं 12 ची 20 आणि प्रभाग विकास निधी शून्यावरून 32. वाढ झाली 80 कोटी, खर्च 1070. जुळवायला घरपट्टी 150 ची 190 आणि विकास शुल्क 140 चं 180, उत्पन्न 1040, शिल्लक परत 10. कागदावर एकदम टकाटक.

पण घरपट्टीची चालू मागणीच 140 कोटी असेल आणि गेल्या वर्षी थकबाकी धरून वसुली 125 झाली असेल तर 190 येणार कुठून? दर वाढवून म्हणावं तर सभा मार्चमध्ये, 20 फेब्रुवारी गेलेली. म्हणजे उरतात दोनच रस्ते, थकबाकीची वसुली किंवा नवीन मिळकती कराच्या कक्षेत आणणं, आणि चांगलं इतिवृत्त असेल तर यातलं काय, किती, हे त्या शीर्षासमोर लिहिलेलं पाहिजे. विकास शुल्काचंही तसंच, ते बांधकामाच्या परवानग्यांवर अवलंबून, बिल्डर लोकांचं काम थंडावलं की आकडा आपोआप खाली. फुगवलेली जमा वर्षअखेरीला येत नाही, कामांच्या निविदा मात्र तोवर निघालेल्या असतात, आणि ती देणी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर जातात. मनपात याला स्पिलओव्हर म्हणतात आणि पुढचं बजेट बनवताना आधी तोच वजा करावा लागतो.

अजून एक बारीक चूक नेहमीची. सभा संपता संपता कोणीतरी तोंडी उपसूचना देतं, समजा जॉगिंग ट्रॅकला 5 कोटी, ती स्वीकारली जाते, शीर्षात चढते पण गोषवाऱ्यात एकूण 1070 च राहतं. ओळींची बेरीज 1075. ठराव हातात आला की आधी हे करा, शीर्षांची बेरीज गोषवाऱ्याशी ताडून बघा, आणि मग सुरुवातीची शिल्लक अधिक जमा वजा खर्च म्हणजे अखेरची शिल्लक येते का ते. नाही आलं तर अशी बेरजेची चूक तरी झालीये किंवा सभेनंतर कुठेतरी भर पडलीये. महासभेनंतर ठराव सही होऊन बाहेर पडेपर्यंत मध्ये बरेच दिवस जातात आणि पेपरवाले ज्याला मागच्या दाराने मंजुरी म्हणतात ती शिरायला जागा तिथेच मिळते.

जमेची बाजू एवढी सैल का झाली याला पण इतिहास आहे. जकात होती तेव्हा नाक्यावर रोजचा पैसा दिसायचा, गेल्या महिन्याची वसुली बघून अंदाज बांधता यायचा. 2013 ला नाशिकमध्ये जकात जाऊन एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तो व्यापाऱ्याने स्वतःच भरायचा, 2015 च्या ऑगस्टपासून बहुतेक व्यापाऱ्यांचा तोही गेला, आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर त्या जागी राज्य सरकारची भरपाई सुरू झाली. ती ठरलेल्या सूत्राने येते, सभागृहात कितीही भाषणं केली तरी त्या शीर्षात रुपया वाढवता येत नाही. मग वाढवायला राहिली घरपट्टी, पाणीपट्टी, विकास शुल्क, एवढीच.

कारण लिहायचा प्रश्न जोरात आला 2018 ला, तुकाराम मुंढे आयुक्त असताना. काम घ्यायचं तर गरज, तांत्रिक व्यवहार्यता आणि निधीची उपलब्धता अशी त्रिसूत्री त्यांनी लावली, नगरसेवकांशी चांगलंच वाजलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांची बदली झाली. माणूस आवडो न आवडो, माझ्या मते त्रिसूत्री वाईट नव्हती, पण ती कामाला होती, जमेच्या शीर्षाला अशी कसोटी कोणी लावली नाही. आणि तीच जास्त गरजेची होती असं मला वाटतं.

मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आला, त्या काळात बजेट मांडणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस झाला. उपसूचना नव्हत्या, तीन आकड्यांची भानगड नव्हती, ठराव स्वच्छ दिसायचे, पण कोणतं शीर्ष का बदललं हे विचारणारं पण सभेत कोणी नव्हतं. म्हणून या काळातलं काही बघायचं असेल तर माहिती अधिकारात नुसता प्रशासकीय ठराव मागू नका, त्यासोबत लेखा विभागाची टिपणी आणि त्या शीर्षाची मागच्या तीन वर्षांची प्रत्यक्ष जमा मागा, कारण बदलाचं खरं कारण असलंच तर त्या टिपणीत असतं, ठरावात नाही.