बँकेत भरण्यासाठी नेलेली रोकड वाटेत लुटली गेल्यास विम्याचा दावा कसा करावा

दुकान किंवा गोदामातील रोकड बँकेत नेताना कर्मचाऱ्याला अडवून ती लुटली गेली, तर तिची भरपाई आग किंवा घरफोडीच्या पॉलिसीतून सहसा मिळत नाही. त्यासाठी व्यवसायाने मनी इन्शुरन्स घेतलेला असावा लागतो आणि त्यात वाहतुकीतील रोकडीचा भाग चालू असावा लागतो. दुकानदारांच्या पॅकेज पॉलिसीत हा भाग असू शकतो, मात्र तो आपोआप लागू होत नाही. पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये त्याच्यापुढे रक्कम लिहिलेली आहे की नाही, हे आधी पाहावे. ‘एका फेरीची कमाल मर्यादा’ आणि ‘वर्षभरात नेल्या जाणाऱ्या रोकडीचा अंदाज’ असे दोन आकडे तेथे असतात. दाव्यात प्रथम पहिला आकडा पाहिला जातो.

पात्रतेत सर्वाधिक वाद होतो तो रोकड नेणाऱ्या माणसाबद्दल. ती व्यक्ती विमाधारक स्वतः किंवा त्याने नेमलेला अधिकृत कर्मचारी असावी, अशी अट असते. मालकाचा भाचा, शेजारचा दुकानदार किंवा ठेकेदाराचा हमाल यांच्या हातून रोकड गेली, तर दावा अडकण्याचा संभव मोठा असतो. म्हणून पगारपत्रक, हजेरीपट, ओळखपत्र आणि बँकेच्या कामासाठी दिलेले अधिकारपत्र घटनेच्या आधीच तयार असावे. नंतर बनवलेले पत्र सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसानीची तपासणी करण्यासाठी विमा कंपनीने नेमलेल्या व्यक्तीच्या, सहज लक्षात येते. कोणी लक्ष ठेवायला नसलेल्या उभ्या गाडीतून गेलेली रोकड आणि मोजणीतील चुकीमुळे आलेली तूट साधारणतः वगळलेली असते. कर्मचाऱ्याचाच हात असल्यास बहुतेक पॉलिसी केवळ ठरावीक तासांच्या आत उघड झालेला अपहार मान्य करतात.

पुढील प्रक्रिया एका कल्पित उदाहरणातून पाहू. नवी मुंबईत दिघ्याला एका किराणा वितरकाचे गोदाम आहे आणि त्याचे बँक खाते कळव्याच्या शाखेत आहे. सोमवारी सकाळी कॅशबुकात ४,६३,५०० रुपये शिल्लक होते. त्यातील २५,००० गल्ल्यात ठेवून ४,३८,५०० रुपये कर्मचाऱ्याकडे देण्यात आले. वाटेत दुचाकीवरील दोघांनी चाकू दाखवून त्याची पिशवी हिसकावली.

कर्मचाऱ्याने आधी गोदामात परतण्याऐवजी ११२ क्रमांकावर कळवून थेट पोलीस ठाणे गाठणे योग्य ठरते. दिघा नवी मुंबई आयुक्तालयात येते आणि कळवा ठाणे आयुक्तालयात. त्यामुळे घटना नेमकी कोणाच्या हद्दीत घडली यावर प्रश्न निघू शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी गुन्ह्याची माहिती नोंदवून घेता येते. शून्य क्रमांकाने नोंदवलेला हा गुन्हा नंतर संबंधित ठाण्याकडे वर्ग होतो. फिर्यादीला प्रथम खबरी अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. ‘रोकड गहाळ झाली’ अशी साधी नोंद किंवा अदखलपात्र तक्रार दाव्याला पुरत नाही. ठाण्याने गुन्हा नोंदवण्यास नकार दिला, तर त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमानुसार तक्रार लेखी स्वरूपात टपालाने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे पाठवता येते, आणि तेवढ्यानेही काम झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

फिर्यादीतील रकमेला अतोनात महत्त्व आहे. घाबरलेला कर्मचारी ‘सुमारे साडेचार लाख’ असे सांगून जातो, आणि मग कॅशबुकातील ४,३८,५०० शी तो आकडा जुळत नाही. खरे तर त्याला दोष देता येत नाही, पण सर्व्हेअर हा फरक हमखास विचारतो. म्हणून मालकाने किंवा हिशेबनिसाने हिशेब घेऊन त्याच दिवशी ठाण्यात जावे आणि अचूक रक्कम, नोटांचा तपशील व बँक शाखेचे नाव सांगून पुरवणी जबाब नोंदवून घ्यावा. कोणते कलम लावायचे हे पोलीस ठरवतात. जबरी चोरीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३०९ आहे. चाकू दाखवणे, धमकी, मारहाण हे सर्व मात्र फिर्यादीत आलेच पाहिजे.

या दाव्याचे खरे बळ पिशवीत नेमके किती पैसे होते ते सिद्ध करण्यात असते, कारण भरणा झालेला नसल्याने बँकेचा शिक्का असलेली पावती अस्तित्वात नसते. भरणा पावती भरून तिची कार्यालयीन प्रत मागे ठेवण्याची सवय येथे उपयोगी पडते. आपल्या उदाहरणात त्या प्रतीवर ५०० च्या ७६० नोटा, २०० च्या १८०, १०० च्या २१५ आणि ५० च्या २० नोटा लिहिलेल्या आहेत. त्यांची बेरीज बरोबर ४,३८,५०० होते. ही प्रत, शनिवार-रविवारच्या विक्रीची बिले, कॅशबुकाचे पान आणि मागील काही महिन्यांच्या शिक्का असलेल्या भरणा पावत्या एकत्र ठेवल्या की इतकी रोकड नेणे हा व्यवसायाचा नित्यक्रम होता, असे दिसते. एरवी आठवड्याला लाखभर भरणाऱ्या व्यवसायाने एकदाच चार लाख नेले असतील, तर कारण विचारले जाणारच, तेव्हा उत्तर कागदासह तयार ठेवावे.

त्याच दिवशी गल्ल्यात उरलेली रोकड दोन साक्षीदारांसमोर मोजून त्याची लेखी नोंद करावी. ती बरोबर २५,००० निघाली, तर पिशवीतील रकमेला मोठा आधार मिळतो. हिशेबनिसाने सकाळीच संगणकात बँक भरण्याची नोंद केली असेल, तर ती पुसू नये. वेगळी उलट नोंद करावी आणि रक्कम ‘लुटीतील येणे’ अशा स्वतंत्र खात्यात दाखवावी. पिशवी भरतानाचे सीसीटीव्ही चित्रण काही आठवड्यांत आपोआप पुसले जाते, म्हणून त्याची प्रत लगेच काढावी.

विमा कंपनीला ईमेलने त्याच दिवशी कळवून पोचक्रमांक घ्यावा. सर्व्हेअर आल्यावर त्याला दाव्याचा अर्ज, पॉलिसी, अहवालाची प्रत, घटनास्थळ पंचनामा, कर्मचाऱ्याचा जबाब, त्याच्या नेमणुकीचे कागद आणि वरील हिशेब द्यावेत. दावा किती मिळेल? या वितरकाची एका फेरीची मर्यादा ४,००,००० आहे, म्हणून ३८,५०० त्याच्याच खिशातून जातात. शेड्यूलमधील १०,००० ची अनिवार्य वजावट मर्यादेतूनच होत असल्यास ३,९०,००० हाती येतात. दावा मंजूर झाल्यावर विम्याची रक्कम तेवढी कमी होते, त्यामुळे उरलेल्या काळासाठी जादा हप्ता भरून ती पूर्ववत करून घ्यावी.

अनेकदा कंपनी तपासाचा अंतिम अहवाल मागते. आरोपी सापडले नाहीत, तर महाराष्ट्रात पोलीस ‘अ समरी’, म्हणजे गुन्हा खरा पण उलगडा नाही, असा अहवाल न्यायालयात पाठवतात. याला महिने लागू शकतात. तोवर तपास सुरू असल्याचे ठाण्याचे पत्र आणि पैसे परत मिळाल्यास ते कंपनीला देण्याचे हमीपत्र देऊन दावा निकाली काढण्याची लेखी मागणी करावी. रोकड हस्तगत झाल्यास ती मुद्देमाल म्हणून जमा होते आणि न्यायालयाच्या आदेशानेच परत मिळते. त्यासाठी अर्ज करण्यापूर्वी विमा कंपनीला कळवावे.

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर एकल मालकीचा व्यवसाय किंवा सूक्ष्म उद्योग विमा लोकपालांकडे विनाशुल्क जाऊ शकतो. मोठ्या कंपन्यांना आणि सूक्ष्म उद्योगात न मोडणाऱ्या भागीदारी संस्थांना हा मार्ग नसतो. त्यांनी ग्राहक आयोगाकडे किंवा दिवाणी न्यायालयात जाण्याचा विचार वकिलाच्या सल्ल्याने करावा.