आधी आडवं की आधी उभं? अनंत बेरजेत क्रम कधी बदलता येतो

दहा ओळी आणि दहा कॉलमचा तक्ता असेल तर आधी प्रत्येक ओळीची बेरीज करून त्या बेरजा एकत्र करा किंवा आधी प्रत्येक कॉलमची करा, उत्तर एकच येणार, यात सांगण्यासारखं काहीच नाही. जमाखर्चाच्या वहीत टोटल टॅली होते का ते आपण असंच तपासतो, आणि नाही झाली तर कुठेतरी आकडा चुकला असं समजतो. पण तक्ता उजवीकडेही संपत नाही आणि खालीही संपत नाही असा असेल तर एकही आकडा न चुकता दोन टोटल वेगळ्या येऊ शकतात.

आधी चांगला तक्ता बघू. ओळींना n नंबर देऊ, २ पासून सुरू, कॉलमना k, तेही २ पासून, आणि प्रत्येक खान्यात 1/n^k लिहू. म्हणजे पहिल्या ओळीत 1/4, 1/8, 1/16 असं चालू राहील, दुसरीत 1/9, 1/27, 1/81, तिसरीत 1/16, 1/64... आता या सगळ्या खान्यांची मिळून बेरीज किती?

कॉलमने जायचं ठरवलं तर पहिलाच कॉलम 1/4 + 1/9 + 1/16 + ... असा आहे, त्याची बेरीज π²/6 − 1, म्हणजे साधारण ०.६४४९. हे ऑयलरमुळे माहीत आहे. पुढचा कॉलम घनांचा, साधारण ०.२०२१, आणि इथेच गाडी अडते, कारण या बेरजेला π वगैरेंमध्ये लिहिता येईल असं सोपं सूत्र आजपर्यंत कुणालाच सापडलेलं नाही, ती अपरिमेय आहे एवढं सिद्ध करायलासुद्धा १९७८ साल आणि आपेरी नावाचा फ्रेंच माणूस लागला. मग ०.०८२३, ०.०३६९, ०.०१७३... बेरीज करत गेलो तर पाच कॉलमनंतर ०.९८३५ वर पोचतो. एकाकडे चाललीय असा संशय येतो, पण संशयच.

ओळींनी गेलं तर काम पाच मिनिटांचं आहे. प्रत्येक ओळ ही शाळेतली भूमितीय श्रेढी, आणि n व्या ओळीची बेरीज येते 1/(n(n−1)). पहिली ओळ 1/2, दुसरी 1/6, तिसरी 1/12. आता 1/(n(n−1)) म्हणजेच 1/(n−1) − 1/n, त्यामुळे सगळ्या ओळी जोडताना मधलं सगळं एकमेकांना खाऊन टाकतं आणि उरतो फक्त पहिला १. एकूण बेरीज बरोब्बर १. म्हणजे ज्यातल्या कित्येक कॉलमचं सूत्रसुद्धा आपल्याकडे नाही अशा अनंत कॉलमची टोटल १ आहे, हे आपण कॉलमला हात न लावता सांगितलं, फक्त ओळ-कॉलमची अदलाबदल चालते एवढं गृहीत धरून.

चालते का? इथे चालते, आणि कारण फार साधं आहे: एकही खाना ऋण नाही. तक्त्यातले कुठलेही मोजके खाने उचला, दहा उचला, दहा लाख उचला, त्यांची बेरीज ओळीवार टोटलपेक्षा जास्त होऊच शकत नाही कारण त्या टोटलमध्ये हे खाने आहेतच आणि बाकीचे आहेत त्यांनी ती वाढलीच असेल, कमी झाली नसेल. आणि उलट बाजूने, ओळीवार टोटलच्या हवं तितकं जवळ जायला मोजके खाने पुरतात: पुरेशा ओळी घ्या, प्रत्येक ओळीतले पुरेसे खाने घ्या, झालं. म्हणजे ओळीवार टोटल ही 'मोजक्या खान्यांच्या बेरजा जास्तीत जास्त कुठवर जाऊ शकतात' ती मर्यादा आहे. आता या मर्यादेच्या व्याख्येत ओळ कुठे आली? कॉलम तरी कुठे आला? हाच युक्तिवाद कॉलमना जसाच्या तसा लागू होतो, म्हणून दोन्ही टोटल त्याच एका आकड्यावर जातात. आणि बेरीज अनंत झाली तरी विधान टिकतं, एका बाजूने अनंत आली तर दुसऱ्या बाजूनेही अनंतच येते. म्हणून खाने शून्य किंवा धन असतील तर कसलीही परवानगी न मागता क्रम बदलायचा. इंटिग्रलसाठी हे टोनेल्लीने १९०९ मध्ये मांडलं म्हणून बेरजेच्या या रूपालाही त्याचंच नाव चिकटलंय.

ऋण खाने आले की हा युक्तिवाद पहिल्याच वाक्यात मरतो, कारण जास्तीचा खाना आता टोटल कमीही करू शकतो.

किती वाईट होऊ शकतं ते बघा. ओळी m = १, २, ३..., कॉलम n = १, २, ३..., आणि खान्यात 1/(n² − m²), फक्त कर्णावर जिथे m आणि n सारखे तिथे शून्य. कर्णाच्या उजवीकडे सगळं धन, डावीकडे सगळं ऋण. पहिली ओळ घ्या: 1/3 + 1/8 + 1/15 + ..., हिची बेरीज 3/4. साधारण m व्या ओळीची बेरीज 3/(4m²) येते (1/(n²−m²) चे दोन तुकडे करून, 1/(n−m) आणि 1/(n+m), मग काटाकाटी करायची, कंटाळवाणं आहे पण अवघड नाही). सगळ्या ओळी जोडल्या की 3/4 गुणिले π²/6, म्हणजे π²/8, साधारण १.२३३७.

आता कॉलम. m आणि n ची जागा बदलली की प्रत्येक खान्याचं चिन्ह उलटतं, म्हणून काही नवीन गणित करायलाच नको, प्रत्येक कॉलमची बेरीज −3/(4n²) आणि कॉलमवार टोटल −π²/8. तेच खाने, तेच आकडे, आणि उत्तर उणे झालं! आणि कुणी म्हणालं की मी ओळी-कॉलम बघतच नाही, डाव्या वरच्या कोपऱ्यातून चौकोन घेतो, १०×१०, मग १००×१००, तर त्याला दर वेळी शून्य मिळतं, कारण चौकोनात प्रत्येक धन खान्याचा ऋण जोडीदार हजर असतो.

तीन उत्तरं झाली, आणि खरं तर तीनवरही थांबत नाही. मोजकी बेरीज करताना आपण नेहमी एक आयत घेत असतो. १० ओळी धरून कॉलम वाढवत नेले तर बेरीज १.१६२३ कडे जाते, तोच आयत उभा केला तर −१.१६२३ कडे, चौरस ठेवला तर शून्य, आणि कॉलम ओळींच्या दुप्पट किंवा तिप्पट अशा ठरावीक प्रमाणात ठेवून आयत मोठा करत गेलो तर उत्तर शून्य आणि π²/8 च्या मध्ये कुठेतरी स्थिरावतं, प्रमाण बदला की उत्तर बदलतं. म्हणजे कॉम्प्युटरवर लूप चालवून बेरीज काढणाऱ्याला जे उत्तर दिसतं ते तक्त्याचं नसतं, त्याने लूपची वरची हद्द कशी निवडली त्याचं असतं. आकडा छान स्थिर दिसतो म्हणून संशयही येत नाही. हद्दीचं प्रमाण बदलून परत चालवणं एवढी एक तपासणी मात्र लगेच करता येते.

बिघाड नेमका कुठे आहे? नुसते धन खाने वेगळे काढा. m व्या ओळीतल्या धन खान्यांची बेरीज येते 1/(2m) × (1 + 1/2 + ... + 1/(2m)), आणि या बेरजा m वर जोडल्या तर अनंत. ऋण खान्यांचंही तेच. म्हणजे तक्त्यात अनंत धन आणि अनंत ऋण माल आहे, आणि 'एकूण' म्हणजे अनंतातून अनंत वजा. ते कोणत्या वेगाने कशासमोर ठेवायचं हे क्रम ठरवतो, म्हणून उत्तरही क्रमच ठरवतो.

यावरून नियम आपोआप सुचतो. चिन्हं पुसून टाका, सगळे खाने धन करा, आणि त्या तक्त्याची टोटल सांत आहे का बघा. असेल तर धन माल सांत, ऋण मालही सांत, दोन्ही तक्त्यांत क्रम बदलायला टोनेल्लीची परवानगी आहेच, मग वजाबाकी करा, यात कुठेही अनंत येत नाही. हे फुबिनीचं प्रमेय, इंटिग्रलसाठी १९०७ चं. गंमत म्हणजे चिन्हं पुसलेली टोटल तुम्हाला सोयीच्या कोणत्याही एकाच क्रमाने काढली तरी पुरते, कारण ती धन आहे. रोजच्या वापरात म्हणूनच ही दोन प्रमेयं जोडीने येतात, आधी टोनेल्लीने तपासणी, मग फुबिनीने अदलाबदल.

आपल्या पहिल्या तक्त्यात एकाआड एक कॉलमचं चिन्ह बदला, खाना (−1)^k/n^k. चिन्हं पुसली तर जुनाच तक्ता, टोटल १, परवानगी मिळाली. ओळीची बेरीज आता 1/(n(n+1)), आणि सगळ्या ओळी मिळून 1/2. कॉलमने पडताळा: ०.६४४९ − ०.२०२१ + ०.०८२३ − ०.०३६९ + ०.०१७३ = ०.५०५५ च्या आसपास, पुढचा कॉलम ०.००८३ वजा करा, ०.४९७२. बरोबर चाललंय.

यात एका जागी लोक हमखास घसरतात. प्रत्येक ओळ चिन्हं पुसूनही सांत आहे, आणि ओळींच्या बेरजा जोडल्या तरी सांत आहे, मग झालं की, असं वाटतं. नाही झालं. कर्णावर १, त्याच्या लगेच उजवीकडे −१, बाकी सगळं शून्य असा तक्ता घ्या. प्रत्येक ओळीत एक १ आणि एक −१, ओळीची बेरीज शून्य, टोटल शून्य. पण पहिल्या कॉलममध्ये नुसता १ आहे, त्याच्या जोडीला काही नाही, बाकीचे कॉलम शून्य, टोटल १. चिन्हं ओळीची बेरीज करायच्या *आधी* पुसायची असतात, नंतर नाही. आधी पुसली तर प्रत्येक ओळ २ देते आणि अनंत दोन जोडले की भांडं फुटतंच.

दुसऱ्या टोकाला, तपासणी नापास झाली म्हणजे अदलाबदल चुकीचीच असंही नाही. खाना (−1)^k/(k·n^k) घ्या, k २ पासून, पण n या वेळी १ पासून. पहिल्या ओळीची चिन्हं पुसली की 1/2 + 1/3 + 1/4 + ..., अनंत, म्हणजे नापास. पण दोष त्या एकाच ओळीत आहे. ती बाजूला काढा, बाकी तक्ता चिन्हं पुसून १ च्या आतच राहतो (आपल्या पहिल्या तक्त्याचे खाने k ने भागलेत फक्त), तिथे बिनधास्त क्रम बदला. बाजूला काढलेली ओळ चिन्हांसकट घेतली तर 1 − ln 2 वर जाते, ती शेवटी मिळवा, दोन सांत बेरजा जोडण्यात काहीच वांधा नाही. एकूण n व्या ओळीची बेरीज 1/n − ln(1 + 1/n), आणि सगळ्या ओळी मिळून येतो ऑयलरचा स्थिरांक γ, ०.५७७२..., जो परिमेय आहे की अपरिमेय हेही अजून कुणाला ठरवता आलेलं नाही.