विलंबनिवेदन (व्हिडिओ गेम)

जाहीर केलेल्या तारखेला गेम येणार नाही, हे निर्मात्यांनी खेळाडूंना कारणासह कळवणारी नोंद. तारीख पुढे जाण्याची कारणे अनेक असतात. प्रस्तुत नोंदीत शेवटच्या टप्प्यात उघड झालेल्या गतिदोषाचा, म्हणजे गेम अडखळत किंवा मंद चालण्याचा, विचार केला आहे.

उगमाबद्दल एकमत नाही. काही जण ही प्रथा २००० च्या दशकाच्या उत्तरार्धातील स्वतंत्र निर्मात्यांच्या विकासनोंदींपासून धरतात. तथापि १९९६ च्या सुमारास इड सॉफ्टवेअर या गेम कंपनीचे जॉन कारमॅक आपल्या `.plan` फाइलमध्ये रोजची कामे आणि सापडलेले दोष लिहीत असत व कोणालाही `finger` या आज्ञेने ती फाइल वाचता येई. तांत्रिक कारण थेट खेळाडूसमोर मांडण्याची रीत तेथूनच आली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र त्या नोंदींना जाहीर तारखेचे ओझे नव्हते. ‘तयार होईल तेव्हा’ एवढेच सांगण्याची परंपरा त्याच काळातली. ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’ १९९७ मध्ये घोषित झाला आणि २०११ मध्ये आला. उशिरा आलेला गेम कधीतरी चांगला ठरतो, घाईने आणलेला कायमचा वाईटच, अशा अर्थाचे वचन निन्टेंडोचे गेमनिर्माते शिगेरू मियामोतो यांच्या नावावर सांगितले जाते. ते त्यांचेच असल्याचा विश्वसनीय पुरावा नाही.

गतिदोष उशिरा का सापडतो, याचे उत्तर मोजण्याच्या पद्धतीत आहे. फ्रेम म्हणजे पडद्यावर एकामागून एक उमटणारे एकेक चित्र. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० हव्या असतील तर ३३.३. एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १४ मिलिसेकंदांत निघाल्या आणि एका फ्रेमने १७४ मिलिसेकंद घेतले, तरी सरासरी ६० च भरते; खेळणाऱ्याला मात्र स्पष्ट हिसका बसतो. म्हणून जाणकार सरासरीपेक्षा सर्वांत संथ एक टक्का फ्रेम पाहतात. शिवाय गेमचे भाग सुटे तपासले जातात, तेही बहुधा विकासकांच्या वेगवान संगणकांवर. शहर, गर्दी, वाहने आणि आवाज एकत्र येतात ते अगदी शेवटी, आणि तोवर तारीख जाहीर झालेली असते.

याचे सर्वपरिचित उदाहरण सीडी प्रोजेक्ट रेड या पोलिश कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’. १६ एप्रिल २०२० ही पहिली तारीख १७ सप्टेंबर आणि मग १९ नोव्हेंबरवर गेली. ऑक्टोबरच्या आरंभी गेम ‘गोल्ड’ झाल्याचे, म्हणजे डिस्क छापण्याजोगी प्रत तयार असल्याचे, जाहीर झाले. तरीही २७ ऑक्टोबरला आणखी २१ दिवसांचा विलंब कळवण्यात आला. जुनी कन्सोल, नवी कन्सोल, पीसी आणि स्टॅडिया ही गुगलची इंटरनेटवरून गेम खेळवणारी सेवा धरून नऊ आवृत्त्या घरून काम करत तपासाव्या लागत आहेत, असे कारण निवेदनात होते. ‘गोल्ड’नंतर विलंब कसा, याचेही उत्तर त्यात होते: उरलेली दुरुस्ती पहिल्या दिवशीच्या पॅचमध्ये, म्हणजे डिस्कशिवाय वेगळ्या उतरवून घ्यायच्या दुरुस्तीसंचात, जायची होती. नेमके काय बिघडले होते, हे मात्र त्यात नव्हते.

ते जानेवारी २०२१ मध्ये, गेम येऊन गेल्यावर, सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांच्या चित्रफितीत आले. गेम आधी पीसीवर भव्य करायचा आणि मग जुन्या कन्सोलवर बसवायचा, असे धोरण होते. खेळाडू शहरात फिरतो तसतसा पुढचा भाग साठवणीतून सतत आणणारी स्ट्रीमिंग यंत्रणा तेथे अपुरी पडली. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ ची फिरती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण ५० ते १०० मेगाबाइटच वाचते. भरधाव गाडीतून जाताना रस्ता, इमारती, माणसे एवढ्या वाटेने वेळेत पोहोचत नाहीत. मग भिंतींचे पोत धूसर राहतात आणि फ्रेम अडतात. २१ दिवसांत हे मुळातून बदलण्यासारखे नव्हते. १० डिसेंबरला गेम आला आणि १८ डिसेंबरला सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. परत घेतला २१ जून २०२१ रोजी.

फिनलंडच्या कोलॉसल ऑर्डरने ‘सिटीज: स्कायलाइन्स २’ बाबत निराळा मार्ग घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये कन्सोल आवृत्त्या पुढे ढकलल्या, पीसीची २४ ऑक्टोबर कायम ठेवली, आणि त्याआधी काही दिवस गतीचे ठरवलेले लक्ष्य गाठता आले नसल्याचे कळवले. कबुली स्पष्ट होती, पण तारीख न हलवल्याने तिला विलंबनिवेदन म्हणावे की इशारा, हा प्रश्न उरतो. कन्सोलपुरते पहिलेच नाव योग्य दिसते.